दोन मसुद्यांच्या मध्ये काय घडतं? डायरीतल्या एका कथेची दुरुस्ती

प्रश्न: पहिल्यांदाच किरायाने खोली घेतलेली मुलगी घरमालकिणीला पहिला मेसेज लिहायला बसते आणि तो जमत नाही, अशी डायरीच्या रूपातली कथा लिहितोय. गाव आपलंच, संभाजीनगर. सात-आठ नोंदी झाल्यात, पण प्रत्येक नोंदीत ती लिहिते आणि खोडते, एवढंच होतं. वाचणारे म्हणतात, पुढं काय? कुठं अडलंय?

उत्तर:

मसुद्यांत अडलंय. तुमच्या कथेतला दुसरा मसुदा पहिल्यापेक्षा थोडा जास्त नम्र असणार, तिसरा त्याहून थोडा कमी. म्हणजे फक्त सूर बदलतो आणि मजकूर जागेवरच राहतो. वाचकाला हे तिसऱ्या नोंदीत कळतं आणि तो थांबतो. या प्रकारच्या कथेत दोन मसुद्यांच्या मध्ये खोलीत काहीतरी घडलं पाहिजे, आणि ते असं हवं की आधीचा मसुदा आता पाठवताच येऊ नये. तिला तो आवडला नाही म्हणून बाद झाला, असं नको. परिस्थितीच पुढं सरकली म्हणून बाद झाला, असं हवं.

त्याआधी एक प्रश्न मिटवून टाका, नाहीतर वाचक शेवटपर्यंत तोच विचारत राहील. ती सरळ फोन का करत नाही? पहिल्याच नोंदीत याचं साधं, व्यवहारातलं कारण द्या. घरमालकीण पुण्याला मुलाकडं राहते, तिला फोनवर नीट ऐकू येत नाही, आणि शेजारच्या मावशींनी किल्ली देताना सांगितलंय, "मेसेज टाक, पोरगा वाचून दाखवतो त्यांना." या एका वाक्याने तीन कामं होतात. फोनचा रस्ता बंद होतो. मेसेजला दोन वाचक मिळतात, एक वयस्कर बाई आणि एक अनोळखी माणूस. आणि आपला मेसेज मोठ्यानं वाचला जाणार आहे, ही धास्ती प्रत्येक शब्दामागं उभी राहते. 'काकू' लिहावं की 'मॅडम', हा तिचा घोळ मग खरा वाटतो, कारण काकू म्हणायचं ते मुलाच्या तोंडून.

मसुदा कागदावर का लिहिते, हेही एका ओळीत येऊ द्या. समोरच्यानं तीच खिडकी उघडी ठेवली असेल तर 'टायपिंग' दिसतं, आणि पाठवून पुसला तरी मेसेज पुसल्याची खूण मागं राहते. ही भीती आजच्या कोणत्याही मुलीला असते. त्यामुळं डायरीत मसुदा लिहिणं ही लेखकाची सोय न राहता तिची गरज ठरते.

आता घटनेकडं. खोलीतली अडचण अशी निवडा जी आपल्या आपण वाढत जाते आणि जिचं कारण वाचकाला तिच्या आधी कळू शकतं. डायरीचं खरं बळ इथं आहे. डायरी लिहिणाऱ्याला आजचं माहीत असतं, पण वाचकासमोर सगळ्या तारखा एकदम उघड्या असतात. संभाजीनगरच्या कथेत यासाठी पाण्याइतकं योग्य दुसरं काही नाही. पैठणच्या नाथसागरातून शहरात पाणी येतं आणि नळाला मधले कित्येक दिवस टाकून सुटतं, त्यामुळं प्रत्येक घरात 'पाण्याचा दिवस' असतो. तो दिवस तुमच्या कथेचं घड्याळ होऊ शकतो.

एक रचना पूर्ण मांडून दाखवतो.

मुलीला वैशाली म्हणू. गेवराई तालुक्यातली, डीएमएलटी झालेली, शहरातल्या एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला. ही नोकरी मुद्दाम दिली आहे. लॅबमधल्या माणसाला वेळ आणि आकडा लिहून ठेवायची सवय असते, म्हणून तिच्या डायरीत '७.१० ला मोटार' असं आलं तरी ते लेखकानं पेरलेलं वाटत नाही. सिडकोतल्या एका घराची वरची खोली. खालचा मजला कुलूपबंद, मालकिणीचं सामान ठेवलेला. नळाचं पाणी खालच्या हौदात पडतं, तिथून अर्ध्या हॉर्सपॉवरच्या मोटारीनं गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत चढवायचं. पाण्याचा दिवस दर सहा दिवसांनी: ३, ९, १५, २१ आणि २७ जून.

३ जूनला मावशी सोबत उभ्या राहून टाकी भरून देतात. ९ जूनला वैशाली पहिल्यांदा एकटी मोटार लावते आणि टाकी भरेपर्यंत काय करायचं म्हणून डायरी घेऊन बसते. टाकीत तीनशे लिटर शिल्लक आहे, सातशे भरायचे आहेत. अशी मोटार दोन मजले चढवून मिनिटाला साधारण पंचवीस लिटर टाकते असं धरा, म्हणजे अर्ध्या तासाच्या आत टाकी भरते. वैशाली मात्र मेसेज जुळवत पाऊण तास बसते. कूलर चालू आहे, खाली कुणी राहत नाही, 'टाकी भरली' म्हणून ओरडणारं माणूस घरात नाही. वरून वाहिलेलं पाणी गच्चीच्या कोपऱ्यात साचतं, कारण पावसाळी पाइपाच्या तोंडची जाळी लिंबाच्या पाल्यानं बुजलेली आहे. कठड्याच्या बुडाशी चीर आहे. साचलेलं पाणी तिथून स्लॅबमध्ये मुरतं आणि छताच्या कोपऱ्यात उतरायला रात्र घेतं. म्हणून ओल दिसते ती दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे १०, १६ आणि २२ तारखेला.

ही रात्रभराची दिरंगाई सांभाळा. पाणी मुरायला खरंच वेळ लागतो, आणि त्या वेळेमुळंच वैशालीला दोन गोष्टींचा संबंध लागत नाही. टाकी वाहताच छत गळायला लागलं असं लिहिलंत तर ती पहिल्याच दिवशी वर जाऊन बघेल आणि कथा संपेल.

तिची चूक पटण्याजोगी व्हावी म्हणून ९ जूनच्या संध्याकाळी मृगाचा पाऊस पाडा. मग सकाळची ओल ती पावसाच्या माथी मारणार, हे उघडच आहे. त्यानंतर मात्र पाऊस थांबवा. मराठवाड्यात पहिल्या सरीनंतर खंड पडणं कुणाला नवीन नाही, वाचक शंका घेणार नाही. आता १५ आणि २१ ला आभाळ कोरडं आहे आणि ओल वाढतेच आहे. तारखा वाचकासमोर आहेत. जुळवायचं काम त्याच्यावर सोडा.

मसुदे या घड्याळावर बसवा. मालकिणीनं सांगून ठेवलंय, "राहायला आलीस की दोन ओळी टाक." ९ जूनपर्यंत त्या दोन ओळी गेलेल्या नाहीत. तिला औपचारिक लिहिण्याचा एकच नमुना येतो, शाळेतला अर्ज:

"९ जून. ७.१० ला मोटार लावली. मावशी म्हणल्या भरली की बंद कर, किती वेळात ते विचारायचं राहिलं. बाहेर पाऊस यायलाय, कूलर तरी लागतोच. मेसेज: माननीय महोदया, मी आपल्या वरील खोलीत दि. १ जूनपासून वास्तव्यास आले असून किल्ली मिळाली. तरी कळावे ही विनंती. आपली विश्वासू. हे मुलगा वाचून दाखवणार. विश्वासू कशाला लिहिलं मी. आठ वाजले, मोटार!"

शेवटचा शब्द बघा. मोटार बंद करायची आठवण आठ वाजता होते, एवढंच त्यात आहे. टाकी वाहिली असं ती लिहीत नाही, कारण तिला ते माहीत नाही. डायरीत पेरायचं ते असं, ती घाईत लिहून पुढं जाते अशा जागी.

१० जूनच्या सकाळी छताच्या कोपऱ्यात वीतभर ओल दिसते. आता कालचा अर्ज पाठवता येत नाही. नुसतं 'आले' म्हणून कळवायचं आणि चार दिवसांनी गळतीची तक्रार करायची, हे बरं दिसत नाही. दोन्ही एकाच मेसेजात घालायचं तर पहिल्याच ओळखीत तक्रार होते. मसुदा घटनेनं बाद होणं म्हणतात ते हे.

१५ जूनचा मसुदा म्हणून गोड असतो, आणि लांबतो: "नमस्कार काकू, खोली खूप छान आहे, हवा येते, शेजारच्या मावशी फार चांगल्या आहेत, फक्त एक छोटीशी गोष्ट होती..." त्या छोट्याशा गोष्टीपर्यंत पोचेतो पान भरतं आणि मोटार चालूच राहते. या नोंदीच्या शेवटी एक वाक्य ठेवा: "कूलर बंद केला तर पावसाचा आवाज. बरं झालं, शेतं वाट बघायलीत." आणि १६ च्या सकाळी: "रात्री पाऊस आला वाटलं, रस्ता तर कोरडा. ओल दोन वीत." सावध वाचकाला इथं कळतं. घाईनं वाचणाऱ्याला २१ तारखेला कळेल. दोघांचंही समाधान होतं, म्हणून याहून जास्त खुणा देऊ नका. तिसरी खूण दिली की वैशाली मठ्ठ वाटायला लागते आणि वाचकाची तिच्यावरची माया कमी होते.

२१ जूनच्या मसुद्याला दात येतात. ते तिचे नसून लॅबमधल्या सहकारी मुलीचे आहेत. ती विचारते, "करार केलाय का?" केलेला नाही. साडेपाच हजार किराया, अकरा हजार डिपॉझिट, सगळं तोंडी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे घर राहायला देण्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर असते. सहकारी मुलीला हे ठाऊक आहे आणि तिला वाटतं, याचा दम द्यावा. कथेत कायद्याला इतकीच जागा. त्याचा उपयोग माहिती देण्यासाठी नाही. वैशालीच्या हातात अशी गोष्ट येते जी वापरली तर खोली जाऊ शकते आणि नाही वापरली तर आपण भित्र्या ठरतो, यासाठी तो आहे. मसुदा असा: "छत गळत आहे. तीन आठवडे झाले. दुरुस्ती न झाल्यास पुढील किरायातून रक्कम कापण्यात येईल. तसेच कराराची नोंदणी करणे ही आपली जबाबदारी आहे." 'कापण्यात येईल' ही भाषा तिची नव्हेच, आणि वाचकाला ते लगेच जाणवलं पाहिजे. तीन आठवडे तर अजून तिला येऊनही पुरते झालेले नाहीत. कडक मसुद्यात माणूस आकडा फुगवतो. सहकारी मुलीनं आकडा फुगवला, हे तुम्ही सांगू नका. तारखा सांगतील.

हा मसुदा लिहिताना मोटार चालू आहे, हे विसरू नका.

शोध लागतो ती नोंद सगळ्यात जास्त वेळा बिघडते. 'अचानक माझ्या लक्षात आलं' हे वाक्य तिथं येऊ देऊ नका, आणि ती गच्चीवर उभी असताना डायरीही लिहू देऊ नका. डायरी नेहमी घडून गेल्यावर लिहिली जाते. घटना आणि नोंद यांच्यातली ही फट जपली नाही तर डायरी उरत नाही, सरळ प्रथमपुरुषी कथन होतं. नोंद सुरू होते तेव्हा सगळं संपलेलं हवं:

"२१ जून. कूलरचं पाणी संपलं म्हणून बंद केला तर पुन्हा पाऊस. खिडकीतून हात काढला, कोरडा. वर गेले. कोपऱ्यात घोट्याएवढं पाणी, टाकीच्या तोंडातून धार चालूच. खाली पळाले, ८.०५ ला मोटार बंद. परत वर. पाल्यानं जाळी बुजलेली. हातानं काढला. पाणी भसकन गेलं. एका वेळचे पाचशे लिटर तरी असतील. अडीच ड्रम. तीन वेळचे साडेसात ड्रम. आमच्याकडं टँकर आला की आई ड्रम मोजती."

हिशोब इथं फार काम करतो. जवळपास पंचेचाळीस-पन्नास मिनिटांतली पंचवीस-तीस मिनिटं टाकी भरायला, उरलेली वीसेक मिनिटं वाया, मिनिटाला पंचवीस लिटर, म्हणजे पाचशे. आकडा हातानं पडताळून घ्या, वाचकही पडताळतो. लिटरचे ड्रम झाले की तिची लाज कळते. दोनशे लिटरचा ड्रम हे टँकरवर जगलेल्या गावाचं माप आहे, आणि मराठवाड्यातल्या वाचकाला त्यापुढं 'मला खूप वाईट वाटलं' हे वाक्य लागत नाही. ते लिहिलेलं असेल तर काढा. आईचं एक वाक्य पुरे. तिथून गावच्या दुष्काळाच्या आठवणींत शिरलात तर कथा खोलीबाहेर जाते आणि मेसेज मागं पडतो.

आता सगळे जुने मसुदे एकदम निकामी झाले. तक्रार करायची होती आणि अर्धा दोष आपलाच निघाला. अर्धाच, हे महत्त्वाचं आहे. टाकी वाहू देणं तिचं. कठड्याची चीर मालकिणीची. हा दोष पूर्ण एका बाजूला टाकलात तर शेवटचा मेसेज सोपा होतो, नुसती माफी किंवा नुसती मागणी. दोन्ही बाजूंना ठेवला तर वाक्य जुळवायला तिला खरोखर डोकं लावावं लागतं. २१ च्या रात्री तिला माफीचा एक मसुदा लिहू द्या, त्यात चिरेचा उल्लेखच नसेल. हा मसुदाही चुकीचाच, आधीच्या कडक मसुद्याइतका. त्यानं पाणी पुढच्या पावसात पुन्हा आत येणार. २२ ला सकाळी ओल बघून ती लिहिते आणि पाठवते:

"नमस्कार काकू, वरच्या खोलीतली वैशाली. पाण्याच्या दिवशी टाकी माझ्याकडून तीनदा वाहून गेली, गच्चीवर पाणी साचून खोलीच्या कोपऱ्यात ओल आली. पाइपाची जाळी साफ केली आहे. कठड्याच्या बुडाशी चीर आहे, ती मोठ्या पावसाच्या आधी बुजवावी लागेल. गवंडी पाठवला तर रविवारी मी घरीच आहे. फोटो सोबत."

याच्यात काय काय आहे ते मोजा. कोण, काय झालं, माझ्याकडून काय झालं, मी काय केलं, तुमच्याकडून काय हवं, कधी. खऱ्या आयुष्यातही घरमालकाला पाठवायचा मेसेज साधारण असाच असतो, आणि कथेत तो इतका कामाचाच राहू द्या. सुंदर वाक्य घालायचा मोह इथं होतो. घातलंत तर मेसेज तिचा राहणार नाही, लेखकाचा होईल. त्याची भाषा मात्र बघा. पहिल्या मसुद्यातला अर्ज, दुसऱ्यातला गोडवा, तिसऱ्यातला दम, यातलं काही नाही. वाक्यं आखूड झाली आहेत, तिच्या रोजच्या नोंदींसारखी. सुरुवातीला नोंदीची बोली आणि मसुद्याची प्रमाण भाषा एकमेकींपासून फार लांब ठेवा, आणि दर मसुद्याला थोडी जवळ आणा. मेसेज पूर्ण बोलीत नेऊ नका, पुण्याला मोठ्यानं वाचला जाणार आहे तो. पण नोंद आणि मेसेज एकाच मुलीनं लिहिलेत, हे शेवटी पहिल्यांदा पटलं पाहिजे.

उत्तर छापायचं का? माझं मत, नको. मालकिणीचं प्रेमळ उत्तर आलं तर कथा गोड होते, रागाचं आलं तर नवीन भांडण सुरू होतं, आणि दोन्हींत वैशालीचा मेसेज दुसऱ्याच्या निकालासाठी थांबून राहतो. २७ जूनची नोंद द्या, ती दोन ओळींची: "७.१० मोटार. ७.३६ बंद. खाली गवंड्याची सिमेंटची पाटी ठेवलेली, उद्या धुऊन देते." उत्तर काय आलं ते पाटीवरून कळतं.

तुमच्या आत्ताच्या मसुद्याची दुरुस्ती करताना भाषेला शेवटी हात लावा. आधी एका कागदावर दोन उभे रकाने आखा. डाव्या बाजूला तारीखवार खोलीत घडलेलं, दुसऱ्या बाजूला त्या दिवशीचा मसुदा. ज्या तारखेसमोर डावा रकाना रिकामा आहे, ती नोंद काढून टाका, तिच्यात कितीही चांगलं वाक्य असलं तरी. तुमच्या सात-आठ नोंदींतल्या निदान तीन अशा निघतील असं प्रश्नावरून वाटतं. मग उरलेल्या नोंदींत ती स्वतःला ठाऊक असलेलं स्वतःलाच समजावून सांगते का ते बघा. 'माझी आई, जी गेवराईला असते' असं डायरीत कुणी लिहीत नाही. गाव सांगायचंच असेल तर मेसेजच्या मसुद्यात सांगा, तिथं ओळख द्यावीच लागते. मुलीबद्दल परक्याला सांगायची सगळी माहिती मसुद्यांत आणि स्वतःपुरतं असलेलं सगळं नोंदींत, अशी वाटणी केलीत की दीड-दोन हजार शब्दांत ही कथा आरामात बसते.